मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे लेखापरीक्षण

वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या मालाला ताळेबंदात लावलेली किंमत योग्य आहे का, हे तपासण्याचे काम. लेखा मानक २ (एएस २) आणि भारतीय लेखा मानक २, म्हणजे इंड एएस २, या दोन्हींचा मूळ नियम एकच आहे : कॉस्ट आणि निव्वळ वसूलयोग्य मूल्य यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला माल धरायचा. कॉस्ट म्हणजे माल आहे त्या जागी आणि त्या अवस्थेत आणायला झालेला खर्च. निव्वळ वसूलयोग्य मूल्य म्हणजे नेहमीच्या व्यवहारात माल ज्या भावाला विकला जाईल त्यातून तो पुरा करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. कॉस्ट तपासायला बिले असतात. दुसरा आकडा मात्र अंदाजाचा असतो, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत, पडून राहिलेल्या मालाचा प्रश्न वाहनांच्या मॉडेलशी बांधलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाची वाहनेच विकता येऊ लागली. त्यामुळे केवळ बीएस-४ इंजिनाला बसणाऱ्या भागांची नवीन वाहनांसाठीची मागणी संपली आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या सुट्या भागांची तेवढी उरली. असा भाग गोदामात अगदी नवा दिसतो. त्याला तेल लावलेले असते, तो पिशवीत बंद असतो, मोजला तर नगही बरोबर भरतात. साठा रकमेने महत्त्वाचा असेल तर मोजणीला हजर राहणे लेखापरीक्षण मानक ५०१ प्रमाणे आवश्यक आहे, पण मोजणीतून फक्त माल आहे एवढे कळते. तो विकला जाईल का, हे कळत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भोसरीच्या एका कारखान्यात ३१ मार्च २०२२ रोजी बीएस-४ इंजिनाचे ४,००० ब्रॅकेट शिल्लक आहेत. नगाची कॉस्ट ३१० रुपये, म्हणून पुस्तकात १२,४०,००० रुपये. मालाच्या वयाच्या अहवालात हा माल ४५ दिवसांपूर्वी हललेला दिसतो, त्यामुळे पडून राहिलेल्या मालाच्या यादीत तो येतच नाही. ऑडिटर रॅकजवळ जाऊन आवक-जावक लिहिलेले बिन कार्ड उचलतो, तर ग्राहकाकडे गेलेली शेवटची जावक जुलै २०२१ मधली निघते. फेब्रुवारीतली हालचाल कसली? गंज धरू लागला म्हणून माल प्लेटिंगसाठी जॉबवर्कला पाठवून परत आणला होता. चलनावर माल गेला आणि आला, पण विकला गेला नाही. माझ्या मते वयाचा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारावा : यातली तारीख विक्रीची की नुसत्या हालचालीची? एका गोदामातून दुसऱ्यात टाकलेल्या मालाचे वयही असेच पुसले जाते.

पुढचा पुरावा वर्ष संपल्यानंतरचा असतो. एप्रिल-मेची विक्री बिले आणि हातातल्या ऑर्डरी काढल्यावर दिसते की दुरुस्तीच्या बाजारातून ६०० नगांची पक्की ऑर्डर आहे, दर ३४० रुपये. पॅकिंग आणि वाहतुकीचे १५ रुपये वजा केले की नगामागे ३२५ उरतात. हे ३१० पेक्षा जास्त आहेत, म्हणून हे ६०० नग कॉस्टलाच राहतात आणि त्यांचे १,८६,००० रुपये होतात. उरलेल्या ३,४०० नगांना गिऱ्हाईक नाही. प्रत्येकाचे वजन १.२ किलो, भंगाराचा भाव किलोला ३५ रुपये, म्हणजे ४२ रुपये. उचलण्याचा खर्च २ रुपये धरला तर ४० उरतात. या नगांची किंमत १,३६,००० रुपये भरते. दोन्ही मिळून साठा ३,२२,००० रुपयांचा होतो आणि ९,१८,००० रुपये त्याच वर्षीच्या नफ्यातून कमी करावे लागतात.

व्यवस्थापनाचे उत्तर बहुधा असे येते : ‘बाकीच्या मालात भरपूर मार्जिन आहे, एकूण साठा कॉस्टच्या वरच आहे.’ ते मान्य करता येत नाही. तुलना साधारणपणे एकेका वस्तूची करायची असते. फायद्याच्या मालाने तोट्याचा माल झाकला जात नाही. उलट, याच ब्रॅकेटसाठी आणलेला स्टीलचा पत्रा चालू मॉडेलच्या भागालाही लागत असेल आणि तो भाग कॉस्टला किंवा वर विकला जात असेल, तर पत्र्याची किंमत उतरवायची नाही. ब्रॅकेट पडून आहे म्हणून त्याच्या जवळपासचे सगळेच उतरवणे हीदेखील चूकच आहे.

आता पद्धतीतल्या सातत्याकडे. अदलाबदल होऊ शकणाऱ्या मालासाठी फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे धरणे, किंवा भारित सरासरी, यांपैकी एक सूत्र वापरता येते. लिफोला परवानगी नाही. पत्रा १० टन ६०,००० रुपये टनाने होता आणि नंतर १० टन ७५,००० ने आला. वर्षअखेरीस ८ टन उरला तर फिफोने त्याचे ६,००,००० रुपये होतात. सरासरी दर ६७,५०० पडतो, म्हणून त्या पद्धतीने ५,४०,००० होतात. भाव चढते असताना नुसते सूत्र बदलून नफा ६०,००० ने वाढवता येतो, तोही एकही किलो पत्रा न विकता. म्हणून एएस ५ प्रमाणे पद्धत बदलायची तर कायद्याची किंवा मानकाची गरज असावी लागते, नाहीतर बदलामुळे हिशेब अधिक योग्य रीतीने मांडला जाईल असे कारण लागते. शिवाय बदलाचा परिणाम उघड करावा लागतो. इंड एएस ८ खाली असा बदल साधारणपणे मागच्या वर्षांच्या आकड्यांनाही लावावा लागतो.

अनेकदा पद्धत कोणी ठरवून बदललेली नसते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये Costing Method प्रत्येक स्टॉक आयटमला वेगळी निवडता येते. जुने आयटम FIFO वर असतात. नवा आयटम उघडणारा ती ओळ तशीच सोडतो आणि तो Avg. Cost वर राहतो. एकाच जातीचा पत्रा मग दोन पद्धतींनी मोजला जातो. कोणी मधेच ही निवड बदलली तर मागच्या तारखांचे मूल्यही नव्याने मोजले जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे : या वर्षीचा सुरुवातीचा साठा गेल्या वर्षीच्या सही झालेल्या ताळेबंदाशी ताडून पाहायचा. तिथे फरक निघाला की आयटमनिहाय पद्धतीची यादी काढून बसावे लागते.

वेगळ्या स्वरूपाच्या किंवा वेगळ्या वापराच्या मालाला वेगळे सूत्र चालते. पण एकच पत्रा भोसरीच्या गोदामात फिफोने आणि चाकणच्या गोदामात सरासरीने धरला, आणि कारण फक्त जागा वेगळी एवढेच दिले, तर इंड एएस २ ते मान्य करत नाही.

बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंटही याच तपासात येते. चालू मालमत्तेच्या तारणावर मंजूर झालेली खेळत्या भांडवलाची मर्यादा ५ कोटी रुपयांवर असेल, तर कंपन्यांच्या ऑडिट अहवालासाठीच्या कारो २०२० या आदेशाप्रमाणे बँकेला दिलेली तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. वरचे ३,४०० ब्रॅकेट तिथे पूर्ण किमतीने दाखवलेले असतात, कारण माल उतरवला की उचल करण्याची मर्यादाही घटते. व्यवस्थापन ताळेबंदातही ९,१८,००० रुपये उतरवायला तयार नसेल आणि ती रक्कम नफ्याच्या मानाने मोठी असेल, तर ऑडिटर अहवालात आक्षेप नोंदवतो, आणि त्यात रकमेचा आकडा देतो.