पश्चिमेच्या खिडकीला छज्जा किती लांब हवा?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईतल्या कुठल्याही पश्चिमाभिमुख इमारतीसमोर पावणेपाचच्या सुमारास उभं राहून वर बघा. खिडक्यांवर छज्जे असतात, बहुतेक ठिकाणी दोन फुटांचे. सावली मात्र खिडकीच्या वरच्या एक-सव्वा फुटावरच थांबते. खालची काच सरळ उन्हात असते आणि आतले पडदे ओढलेले असतात. म्हणजे समुद्राच्या वाऱ्यासाठी ठेवलेली खिडकी, वारा सुटतो त्याच वेळी बंद.

ही अडचण आरसीसीच्या सांगाड्याबरोबर आली. जुन्या वाड्याची किंवा चाळीची जाड भिंत वरच्या मजल्याचं वजन पेलायची, त्यामुळे तिला मोठं भोक पाडणं धोक्याचं असे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने 1914 मध्ये ‘डोम-इनो’ नावाचा सांगाडा कागदावर मांडला: सपाट स्लॅब, मोजके कॉलम आणि एक जिना. वजन कॉलमवर गेल्यामुळे भिंत मोकळी झाली. ती हवी तिथे सरकवता येऊ लागली, काढून टाकता येऊ लागली, पूर्ण काचेची करता येऊ लागली. मोकळा आराखडा, लांबलचक खिडक्या आणि इमारत जमिनीपासून उचलणारे खांब, म्हणजे आपल्या भाषेत स्टिल्ट, हे सगळं त्यातूनच निघालं.

यातला काचेच्या भिंतीचा भाग खुद्द पॅरिसमध्येच फसला. 1933 मध्ये तिथे कॉर्ब्युझिएने बेघरांसाठी बांधलेल्या निवाऱ्याला दक्षिणेकडे न उघडणाऱ्या काचेची अख्खी भिंत होती. हवा थंड करायची योजलेली यंत्रणा बसलीच नाही आणि उन्हाळ्यात आत राहणं असह्य झालं. पुढे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि महायुद्धानंतर बाहेरून सिमेंटच्या ऊनरोधक पट्ट्या आल्या. पॅरिसचं अक्षांश 49 अंश आहे, मुंबईचं 19. तिथे जे उन्हाळ्यात नडलं, ते इथे वर्षातले नऊ महिने नडणार हे उघड होतं.

आता छज्जाचं गणित. दक्षिणेच्या खिडकीला ते सोपं जातं. 21 डिसेंबरला, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना, मुंबईत भर दुपारी तो क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. 60 सेंटिमीटरचा छज्जा त्या वेळी साधारण 65 सेंटिमीटर सावली देतो, म्हणजे चार फुटी खिडकीचा अर्ध्याहून जास्त भाग झाकतो. एप्रिल-मे येईपर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेची खिडकी जवळपास पूर्ण सावलीत जाते.

पश्चिमेला सूर्य समोरून येतो. दिवस-रात्र समान असतात तेव्हा, सूर्याच्या वेळेनुसार दुपारी तीनला, 60 सेंटिमीटरचा छज्जा 57 सेंटिमीटर सावली देतो. चारला ती 33 सेंटिमीटर उरते आणि पाचला अवघी 15. (मुंबईत मार्चअखेर सूर्याची वेळ घड्याळाच्या साधारण पाऊण तास मागे असते. त्यामुळे सूर्याचे चार म्हणजे आपले पावणेपाच.) उलट बाजूने बघा. 1.2 मीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकायची, तर तीन वाजता छज्जा 1.27 मीटर लागेल, चार वाजता 2.2 मीटर आणि पाच वाजता पावणेपाच मीटर. पावणेपाच मीटर ही काही छज्जाची लांबी नव्हे, ती खोलीची लांबी झाली.

पावसाचंही असंच आहे. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो. जुलैत तेवढ्याच वेगाचा, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरचा, वारा समोरून असेल तर थेंब पंचेचाळीस अंशांत येतो आणि 60 सेंटिमीटरचा छज्जा खाली 60 सेंटिमीटरच कोरडं ठेवतो. ताशी पन्नासची झोड आली की चाळीससुद्धा नाही. मुंबईची गोम हीच की वारा, संध्याकाळचं ऊन, पावसाची झड आणि समुद्राचं दृश्य हे सगळं एकाच बाजूला आहे. वारा घ्यायचा तर बाकीचंही अंगावर घ्यावं लागतं.

जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर शोधलं होतं ते व्हरांड्याचं. राहायच्या खोल्या आत आणि त्यांच्याभोवती ऊन-पाऊस झेलणारा एक थर. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत हाच थर उंच उभा केला. 1970 मध्ये सुरू झालेलं हे काम 1983 मध्ये पुरं झालं. इमारत 28 मजल्यांची, 21 मीटर चौरस, 84 मीटर उंच. सदनिका फक्त 32. मध्यभागी लिफ्टचा गाभा आहे आणि वाऱ्याचा आडवा जोर मुख्यतः तोच घेतो. हा गाभा साचा हळूहळू वर सरकवत, बाकीच्या सांगाड्याच्या आधीच उभारला गेला.

मोकळ्या आराखड्याचा खरा उपयोग इथे दिसतो. प्रत्येक सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार आहे, म्हणजे वाऱ्याला आत यायला वाट आहे तशी बाहेर पडायलाही. हे दुसरं दार नसेल तर पश्चिमेची खिडकी कितीही मोठी असो, वारा उंबऱ्यावरच थबकतो. कॉलमवर उभ्या असलेल्या हजारो सदनिकांमध्ये नेमकं हेच हरवलं आहे. भिंती कुठेही घालायची मुभा मिळाली, तेव्हा त्या वाऱ्याच्या वाटेवरच घातल्या गेल्या. त्यात दोन पल्ल्यांची सरकती खिडकी बसवली की उघडं तोंड निम्म्यावर येतं, कारण एक पल्ला कायम दुसऱ्याच्या मागे असतो. जुनी लाकडी, बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण उघडायची.

कांचनजंगाच्या कोपऱ्यांमध्ये दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या आहेत आणि त्यांचे स्लॅब 6.3 मीटरपर्यंत आधाराशिवाय पुढे आले आहेत. दुमजली उंचीमुळे शेवटच्या तासाभरात ऊन आत शिरतंच, गणितातून कुणाचीच सुटका नाही. पण ते आधी गच्चीच्या फरशीवर आणि झाडांवर पडतं, बैठकीच्या काचेवर थेट नाही. आणि कोपरा दोन बाजूंनी उघडा असल्यामुळे तापलेली हवा तिथे साचत नाही. नुसत्या जाड सिमेंटच्या ऊनरोधक पट्ट्यांचा हाच तोटा आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता सोडतं आणि पट्टी भिंतीला चिकटून असेल तर ती उष्णता घरातच येते. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये थोडी फट ठेवली तर गरम हवा वर निघून जाते.

मग सगळ्यांनीच दोन मीटरचे छज्जे का काढू नयेत? कारण पुढे आलेला स्लॅब दुप्पट लांब केला की त्याच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. शिवाय यात एक उलटापालट असते. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खाली असतात, छज्जात त्या वर असाव्या लागतात, कारण ताण वरच्या बाजूला येतो. ओतकामाच्या दिवशी मजूर घमेली घेऊन याच वरच्या जाळीवरून चालतात आणि ती दबते. 100 मिलिमीटर जाड छज्जात 8 मिलिमीटरची सळई वरून 25 मिलिमीटर आत असेल, तर तळापासून सळईच्या मध्यापर्यंत 71 मिलिमीटर मिळतात. पायाखाली ती 30 मिलिमीटर दबली की उरतात 41, आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात, म्हणजे चाळीसेक टक्क्यांनी, घटते. सेंटरिंग, म्हणजे ओतकामाला खालून दिलेला आधार, काढल्यावर वरून काहीच कळत नाही. वर्षा-दोन वर्षांनी भिंतीलगत, छज्जाच्या वरच्या अंगाला, सरळ रेषेत भेग दिसते. ती प्लॅस्टरची केसाएवढी भेग समजून वर रंग मारला जातो. याला उपाय साधा आहे: वरच्या जाळीखाली दर मीटरला सळईची खुर्ची ठेवायची आणि चालायला फळ्या टाकायच्या.

ती भेग नेमकी पाणी थांबतं तिथे पडते. मुंबईची हवा खारट. खार भेगेतून सळईपर्यंत पोचतो, लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगून सुटतं. भारतीय मानक आयएस 456 (2000) किनारपट्टीची हवा ‘तीव्र’ गटात धरतं आणि सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आच्छादन, निदान एम 30 प्रतीचं काँक्रीट आणि सिमेंटच्या वजनाच्या जास्तीत जास्त 0.45 पट पाणी सांगतं. आता चार इंची छज्जात 45 मिलिमीटर सोडून बघा, सळई जवळजवळ मध्यावर येते. म्हणून समुद्राकाठी छज्जा पातळ ठेवून लांब करता येत नाही, तो मुळाशी जाड करावाच लागतो. सोबत वर बाहेरच्या बाजूला उतार, भिंतीच्या सांध्यात गोलाकार वाटा, म्हणजे सिमेंटचा भराव, आणि खालच्या कडेला पाणी तुटायला खाच हवी. खाच नसली तर पाणी खालच्या पृष्ठभागावरून सरपटत पुन्हा भिंतीकडे येतं.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे बाल्कनी आत घेणं. खोली मोठी होते, पण खिडकी बाहेरच्या कडेला जाते आणि सावलीची खोली एका दिवसात शून्य होते. वरच्या मजल्याच्या बाल्कनीनेच आपल्या खिडकीवर छत धरलेलं होतं, ते आता भिंतीबरोबर सपाट. शिवाय साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली भिंत चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो भरते. तीन मीटर लांब आणि एक मीटर उंच कठडा म्हणजे साडेसातशे किलो, तेही स्लॅबच्या टोकावर, जिथे ते सर्वांत महाग पडतं. त्यावर ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि बाहेर लोखंडी जाळीत कुंड्या. मुळाशी सळई दबलेली असेल तर हे वजन तिची परीक्षा घेतं.

स्टिल्टबद्दल थोडंसंच. खांबांवर उचललेली इमारत ओलीपासून सुटते आणि तिच्या खालून वारा जातो, म्हणून उष्ण प्रदेशात ती शोभते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा स्टिल्टवरच्या घरांत पाणी शिरलं नाही, खालच्या गाड्या आणि मीटरबॉक्स मात्र बुडाले. भूकंपात हाच गुण अवगुण होतो. वर विटांच्या भिंतींमुळे ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब, त्यामुळे सगळी हालचाल खालच्याच मजल्यात एकवटते. 2001 च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती खांब मोडून बसल्या. त्यानंतर 2002 मध्ये आलेल्या आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाने अशा मऊ मजल्याचे खांब आणि बीम अडीचपट आडव्या जोरासाठी धरण्याचा, किंवा तिथे काँक्रीटच्या भिंती घालण्याचा, पर्याय दिला. त्या मानकात मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात होती. 2002 च्या आधीच्या स्टिल्ट इमारतीत गाडी लावताना लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत आहे की नुसती विटांची, हे ठोकून बघता येतं: विटांवरचं प्लॅस्टर पोकळ वाजतं, काँक्रीट भरीव. पक्कं मात्र ऑडिट करणारा इंजिनिअर थोडं प्लॅस्टर काढून बघेल तेव्हाच कळतं.