पूर्व, पश्चिम आणि पावतीतली जोडाक्षरं

मुंबईतला पत्ता बहुतेक वेळा एका जोडाक्षरावर येऊन थांबतो: गोरेगाव (पूर्व) किंवा गोरेगाव (पश्चिम). एकात रफार, दुसऱ्यात ‘श्च’ आणि त्यावर पहिली वेलांटी. मराठीतून पावती काढणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला एवढे दोन शब्द पुरतात, आणि आमच्या सोसायटीच्या पावत्या बरेच दिवस या परीक्षेत नापास होत होत्या.

देखभाल खर्चाच्या पावत्या मराठीतून पीडीएफ करून सभासदांच्या फोनवर पाठवायच्या, असं सभेत ठरलं. पहिल्या पावतीवर अक्षरांच्या जागी चौकोन आले. ‘फॉन्ट टाका’ असा सल्ला मिळाला, म्हणून फॉन्ट टाकला. मग अक्षरं आली, पण ‘पश्चिम’चं ‘पश्‌चमि’ झालं आणि ‘पूर्व’चं ‘पूर्‌व’. फॉन्ट अस्सल देवनागरीचा होता, त्यात सगळी जोडाक्षरं होती, फाइलमध्ये तो नीट बसवलेलाही होता. तरी असं का व्हावं, याचं उत्तर शोधताना मला छापखान्याच्या काळापर्यंत मागे जावं लागलं.

जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. तिथल्या खिळ्यांचं देखणेपण आजही जुन्या संस्कृत पोथ्यांत दिसतं. माझ्या मुद्द्यासाठी मात्र खिळ्यांइतकाच ते जुळवणारा माणूस महत्त्वाचा आहे. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे असत: पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, अखंड जोडाक्षरं, मात्रा, रफार. हस्तलिखितात ‘पश्चिम’ दिसलं की जुळारी आधी ‘प’ उचलायचा, मग पहिली वेलांटी, मग ‘श्च’, मग ‘म’. वेलांटी बोलताना ‘च’नंतर येते, पण कागदावर ती ‘श्च’ या सगळ्या जोडाक्षराच्या आधी बसते, हे त्याच्या हाताला माहीत होतं. ते ज्ञान खिळ्यात नव्हतं. उत्तम खिळ्यांची पेटी नवख्या माणसाच्या हाती दिली असती तर ‘पश्‌चमि’च छापून आलं असतं.

टाइपरायटर आला तेव्हा हे काम टायपिस्टाच्या बोटांकडे गेलं. पुढे संगणकावरचे जुने मराठी फॉन्ट आले, तेही त्याच रीतीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका कळीवर अर्धा ‘श’, दुसरीवर वेलांटी, तिसरीवर रफार. टाइप करणारा जसं दिसायला हवं त्या क्रमाने कळा दाबायचा, म्हणजे जुळारी अजून माणूसच होता. म्हणून त्या काळी काढलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं बिनचूक दिसत. त्या फाइलीतला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती यायचा, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक होते. शोध, क्रमवारी, नोंदींची जुळणी, यातलं काहीच त्यावर होत नसे.

युनिकोडने हा पायाच बदलला. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी भारताच्या इस्की या प्रमाणावरून घेतली होती. त्यात अर्ध्या ‘श’ला वेगळा क्रमांक नाही, रफाराला नाही, ‘श्च’लाही नाही. अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि जोड दाखवायला मध्ये पाय मोडल्याची खूण घालायची. त्यामुळे ‘पश्चिम’ म्हणजे प, श, पायमोड, च, वेलांटी, म, अशी सहा चिन्हं. ‘पूर्व’ म्हणजे प, दीर्घ उकार, र, पायमोड, व, अशी पाच. साठवण्यासाठी आणि शोधण्यासाठी ही रीत फार चांगली आहे. पण जुळाऱ्याचं काम माणसाच्या हातून सुटलं, आणि ते करणारं दुसरं कोणीतरी हवं होतं.

ते कोणीतरी म्हणजे शेपिंग करणारं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅडोबी यांनी १९९६ साली ओपनटाइप जाहीर केलं. या प्रकारच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या आकारांबरोबर नियमांचे तक्तेही असतात: कोणत्या चिन्हांच्या जागी कोणता जोड घ्यायचा, रफार कुठे बसवायचा, अनुस्वार किती सरकवायचा. त्या नियमांतल्या एका गटाचं नाव `akhn` आहे, आपल्या ‘अखंड’वरून, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ त्यात येतात. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट रचणारे र. कृ. जोशी मुंबईचेच. जे. जे.मध्ये आणि आयआयटीत त्यांनी शिकवलं, आणि जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. पण नियम फॉन्टमध्ये लिहिले म्हणून ते आपोआप लागू होत नाहीत. विंडोजमध्ये ते वाचून लागू करणारा वेगळा भाग होता. त्यामुळे पडद्यावर ‘पश्चिम’ बरोबर दिसू लागलं आणि हे सगळं फॉन्टच करतो असा समज रुजला. आमच्या पावत्यांचा घोळ याच समजातून झाला.

आता पीडीएफकडे वळू. १९९३ साली ही रीत आली ती छापील पान जसंच्या तसं पोचवण्यासाठी. पीडीएफच्या पानात मजकूर असा नसतो. ‘या फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा आकार या जागी उमटव’ अशा सूचना असतात. पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर तेवढंच करतं. ते शब्द वाचत नाही, वेलांटी हलवत नाही, रफार चढवत नाही. म्हणजे खिळे आधीच जुळवून पान बांधलेलं असावं, अशी त्याची अपेक्षा आहे. शिवाय प्रत्येक वाचकाकडे असतील असे गृहीत धरलेले जे चौदा मूळ फॉन्ट होते, त्यांत देवनागरी एकातही नव्हती.

पावत्या काढणारी बरीच जुनी लायब्ररी-सॉफ्टवेअरं या दोन गोष्टींच्या मधे अडकली. ती मजकुरातलं एकेक चिन्ह घेतात, फॉन्टमध्ये त्याचा आकार शोधतात आणि ओळीने मांडतात. इंग्रजीला एवढं पुरतं. अरबीची सोय काहींनी त्यातल्या त्यात लवकर केली, कारण अरबी अक्षरांच्या बदलत्या रूपांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहेत. एका क्रमांकाच्या जागी दुसरा घातला की काम बरंचसं भागतं. देवनागरीच्या जोडांना असे क्रमांकच नाहीत. ‘श्च’चा आकार फॉन्टच्या पोटात असतो आणि नियमांच्या तक्त्यातून गेल्याशिवाय तो सापडत नाही. फॉन्ट बसवताना फाइल लहान राहावी म्हणून वापरलेलेच आकार ठेवायची पद्धत आहे. तिथेही जुनं सॉफ्टवेअर फक्त क्रमांक असलेले आकार ठेवायचं आणि बिनक्रमांकाचे जोड गाळून टाकायचं.

आमच्या पहिल्या दोन पावत्यांचं निदान आता करता येतं. चौकोन म्हणजे फाइलमधल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. हे बहुधा तेव्हा होतं, जेव्हा पावती बनवणाऱ्याच्या विंडोज संगणकावर मंगल असतो आणि पावत्या प्रत्यक्षात लिनक्सच्या सर्व्हरवर तयार होतात. मोडकी अक्षरं म्हणजे फॉन्ट आहे, पण शेपिंग झालेलं नाही. खात्री करायला ही आज्ञा आहे:

```
pdffonts pavati.pdf
```

यादीत फॉन्टच्या नावापुढे `emb` या रकान्यात `yes` दिसलं की फॉन्ट फाइलमध्ये बसलेला आहे. ते असूनही ‘पश्‌चमि’ दिसत असेल तर आणखी फॉन्ट बदलून पाहण्यात वेळ घालवू नये. आम्ही चार फॉन्ट बदलले, चारही वेळा तेच.

खुला आणि फुकट जुळारी मिळाला तो हार्फबझच्या रूपाने. २०१२च्या सुमारास त्याचं भारतीय लिप्यांचं काम वापरण्याजोगं झालं आणि पुढे ब्राउझरांनी ते उचललं. म्हणूनच क्रोममधून एचटीएमएलचं पान पीडीएफ केलं तर जोडाक्षरं बिघडत नाहीत. पीडीएफ थेट काढणाऱ्या साधनांत ही सोय बरीच उशिरा आली. पायथनच्या एफपीडीएफ२मध्ये ती २०२३ साली आली. आम्ही तीच वापरली:

```python
# pip install fpdf2 uharfbuzz
from fpdf import FPDF

pdf = FPDF()
pdf.add_page()
pdf.add_font("Mukta", fname="Mukta-Regular.ttf")
pdf.set_font("Mukta", size=14)
pdf.set_text_shaping(True, script="deva", language="mr")
pdf.cell(text="गोरेगाव (पश्चिम), दुसऱ्या तिमाहीचा खर्च")
pdf.output("pavati.pdf")
```

`set_text_shaping`ची ओळ काढली की मोडकं रूप परत येतं, घातली की शब्द जुळतो. सहा चिन्हांच्या ‘पश्चिम’चे आता प, वेलांटी, श्च, म असे चार आकार होतात (फॉन्टमध्ये अर्धा ‘श’ वेगळा असेल तर पाच), म्हणजे छापखान्यातला जुळारी ज्या क्रमाने खिळे उचलायचा तोच क्रम. ‘पूर्व’मध्ये ‘र’ आणि पायमोड मिळून रफार होतो आणि ‘व’च्या नंतर जाऊन त्याच्या डोक्यावर बसतो. मुक्ता हा फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला आहे आणि त्याचा परवाना खुला आहे, त्यामुळे सर्व्हरवर ठेवायला आणि पावतीत बसवायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. `language="mr"` घालण्याचं कारण मराठी ‘ल’ आणि ‘श’. त्यांचे आकार हिंदीपेक्षा वेगळे आहेत, आणि फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल तर ती भाषा सांगितल्यावरच लागू होते.

दिसणं सुधारलं तरी मजकूर उचलण्याचा प्रश्न वेगळा राहतो. फाइलमध्ये आकार पानावरच्या क्रमाने असतात, त्यामुळे काही साधनांनी काढलेल्या पीडीएफमधून ‘पश्चिम’ उचललं की ‘पिश्चम’ हाती येतं. पीडीएफमध्ये आकारांमागे मूळ शब्द लिहून ठेवायची तरतूद आहे, पण सगळी साधनं ती वापरत नाहीत. `pdftotext` चालवून एकदा पाहिलं की आपल्या फाइलीचं काय आहे ते कळतं. हिशेबनीस पावत्यांत नाव शोधणार असतील तर हे आधीच पाहावं.

आमच्याकडे शेवटी एकच शब्द हट्टाने चुकत राहिला: ‘दुसऱ्या’. काही पावत्यांवर तो बरोबर यायचा आणि काहींवर ‘दुसर्या’, डोक्यावर रफार घेऊन. मराठीत हा भेद सोडून चालत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही दोन वेगळी माणसं आहेत. शोधल्यावर कळलं की हा आडवा ‘र’ आमच्या यादीत दोन तऱ्हांनी टाइप झाला होता. काही जणांनी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं, तर काहींनी साधा ‘र’, पायमोड आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. नावांतल्या जादा मोकळ्या जागा काढायला लिहिलेला आमचाच एक टप्पा ते अदृश्य चिन्हही पुसून टाकत होता, आणि ते गेलं की नियमाप्रमाणे रफारच होतो. फॉन्टची आणि शेपिंगची यात काही चूक नव्हती. आता यादी वाचताना सर्वांत आधी ‘र’, पायमोड आणि अदृश्य चिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि पायमोड घालतो, आणि साफसफाई त्यानंतर करतो.