आसन-तक्ता

योगासनांची चित्रे क्रमाने मांडून प्रत्येक चित्राजवळ आसनाचे संस्कृत नाव आणि कृतीची एक-दोन ओळींची सूचना देणारा तक्ता. तो भिंतीवर लावतात किंवा घडी करून वहीत ठेवतात. आज योगवर्गांत दिसणाऱ्या तक्त्यांपैकी पुष्कळ तक्ते मूळ इंग्रजीत तयार झालेले असतात. त्यांत वर संस्कृत नाव, त्याखाली इंग्रजी नाव आणि शेवटी ‘लिफ्ट द हिप्स’, ‘सॉफ्टन द नीज’ अशा आज्ञार्थी सूचना, अशी मांडणी असते. असा तक्ता मराठीत आणताना नाव आणि कृती यांची सांगड कशी राहते किंवा कुठे सुटते, याचा विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे.

पूर्वपीठिका : आसनांची यादी आणि आसनांचे चित्र या दोन वेगळ्या परंपरा दिसतात. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत (साधारण पंधरावे शतक) चौऱ्याऐंशी आसनांचा उल्लेख आहे, पण वर्णन पंधरांचेच. घेरंडसंहितेत बत्तीस आसने येतात. या ग्रंथांत श्लोक हीच सूचना आहे, चित्र नाही. चित्रांची परंपरा बहर अल्-हयात या योगावरील फार्सी ग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितापर्यंत मागे नेता येते. शाहजादा सलीम (पुढे जहांगीर) याच्यासाठी अलाहाबादेत १६०० ते १६०४ च्या सुमारास तयार झालेले हे हस्तलिखित आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. मात्र त्यातील चित्रे स्वतंत्र पानांवर, कथनाच्या ओघात येतात. एकाखाली एक पाहून करता येईल अशी ती मांडणी नव्हे.

आजच्या तक्त्याशी सर्वांत जवळचे नाते म्हैसूरच्या श्रीतत्त्वनिधीचे आहे. मुम्मडि कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या या संग्रहातील एका भागात १२२ आसनांची चित्रे, नावे आणि त्रोटक कृती एकत्र दिल्या आहेत. योगाच्या इतिहासाचे अभ्यासक नॉर्मन शोमन यांनी १९९६ मध्ये हा भाग प्रकाशात आणला. ही आसने राजवाड्यातील तालमीच्या व्यायामाशी निगडित असावीत आणि पुढे योगशिक्षक टी. कृष्णमाचार्य यांच्या हाताखाली म्हैसुरात जी शिकवण घडली तिच्या मागे हा वारसा असावा, असे मत त्यांनी मांडले. दुसरे अभ्यासक मार्क सिंगलटन यांनी २०१० मध्ये वेगळ्या बाजूवर भर दिला. उभ्याने करायच्या आसनांचा आजचा विस्तार विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शारीरिक शिक्षणाच्या चळवळीशी, त्यात युरोपीय जिम्नॅस्टिक्सशीही, संबंधित आहे असे त्यांचे प्रतिपादन होते.

हठाभ्यासपद्धती या संस्कृत ग्रंथामुळे या वादाला नवे वळण मिळाले. कपालकुरंटकाच्या नावावर असलेला हा ग्रंथ अठराव्या शतकातील असावा. त्याचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. संशोधक जेसन बर्च यांनी त्याचा श्रीतत्त्वनिधीशी असलेला संबंध दाखवला. ग्रंथात ११२ आसने असून ती पाठीवर झोपून, पालथे पडून, उभ्याने, दोरीवर अशा गटांत लावली आहेत. दोरीवरच्या गटामुळे मराठी वाचकाला दोरीच्या मल्लखांबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरी त्या आधारावर ग्रंथ कोठे रचला गेला हे निश्चित करणे घाईचे ठरेल. या ग्रंथातील गजासन तक्त्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात पालथ्या स्थितीतून बैठक उंच करून डोके पुन:पुन्हा खाली आणि पुढे नेण्याची, म्हणजे दंड काढण्याच्या व्यायामाजवळ जाणारी, कृती सांगितली आहे. आज याच ठेवणीला अधोमुख श्वानासन म्हणतात. मग आसनाचा आकार जुना आणि नाव त्यामानाने अलीकडचे, असा निष्कर्ष निघतो. जिम्नॅस्टिक्सचा प्रभाव पूर्णपणे नाकारता येत नसला, तरी हे आकार केवळ बाहेरून आले हे मत आता टिकणे कठीण दिसते.

महाराष्ट्रात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. त्यात मालिकेतील स्थिती प्रामुख्याने आकड्यांनी ओळखल्या जात. प्रत्येक स्थितीला स्वतंत्र आसनाचे नाव जोडण्याची रीत नंतर रुळली आणि ती सर्व परंपरांत एकसारखी रुळली नाही. तक्त्यांतील पुष्कळ गोंधळ येथूनच सुरू होतो.

नावे : संस्कृत नाव तसेच ठेवले की काम झाले, असा समज असतो. तो पुरेसा नाही, कारण एकाच नावाची आसने परंपरेनुसार वेगळी आहेत. ‘माउंटन पोझ’ हे याचे चांगले उदाहरण. बी. के. एस. अय्यंगार यांच्या ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या ग्रंथात ताड शब्दाचा अर्थ पर्वत असा घेऊन, पाय जुळवून ताठ उभे राहण्याच्या स्थितीला ताडासन म्हटले आहे. इंग्रजी तक्त्यांतील माउंटन पोझ म्हणजे हेच. आयुष मंत्रालयाच्या सामान्य योग अभ्यासक्रमात मात्र ताडासन म्हणजे ताडाच्या झाडाची ठेवण. त्यात बोटे गुंफून हात डोक्यावर ताणायचे आणि टाचा उचलायच्या. महाराष्ट्रातील बऱ्याच शाळांत मुले हेच ताडासन शिकतात.

आता एखाद्या अनुवादकाने तक्त्यातील संस्कृत नाव बाजूला ठेवून ‘माउंटन’वरून थेट ‘पर्वतासन’ असे लिहिले, तर आणखी दोन अर्थ आत येतात. बिहार योग विद्यालयाच्या सूर्यनमस्कारात पर्वतासन म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि बैठक उंच, म्हणजेच वर सांगितलेल्या श्वानासनाचा आकार. अय्यंगारांच्या ग्रंथात पर्वतासन म्हणजे पद्मासनात बसून गुंफलेले हात वर ताणणे. अशा प्रकारे एका इंग्रजी नावातून चार निरनिराळ्या शारीरिक स्थिती निघतात. असाच घोळ ‘वॉरियर’ आणि ‘हीरो’ या दोन नावांचा होतो. दोन्हींचे मराठीत ‘वीर’ केले, की उभ्याने करायचे वीरभद्रासन आणि गुडघे दुमडून बसायचे वीरासन एकाच नावाखाली येतात.

म्हणून मराठी तक्त्यात इंग्रजी नावाचा मराठी अवतार न देता संस्कृत नाव ठेवावे आणि त्यापुढे स्थितीची ओळख एका शब्दसमूहात द्यावी, ही रीत अधिक भरवशाची. ‘ताडासन : ताठ उभे, टाचा टेकलेल्या’ एवढे लिहिले तरी कोणते ताडासन हे वाचकाला कळते. ही ओळख सूचनेच्या आधी यावी, कारण सूचना वाचेपर्यंत माणूस चित्र पाहून हालचाल सुरू करतो.

सूचना : इंग्रजी सूचना तोकड्या असतात, कारण त्या प्रत्यक्ष वर्गात शिक्षकाने बोललेल्या वाक्यांवरून घेतलेल्या असतात. बोलताना शिक्षकाचा हात त्या जागेकडे जातो. तक्त्यात तो आधार नसतो. अधोमुख श्वानासनाची एक ओळ घेतली तर हे स्पष्ट होते. इंग्रजीत सामान्यतः चार सूचना येतात : हिप्स वर, टाचा खाली, जमीन दूर ढकला, मान सैल.

‘हिप्स’साठी मराठीत सहज सुचणारा शब्द कंबर. ‘कंबर उचला’ असे वाचणारा माणूस पाठीचा मधला भाग कमानीसारखा वर काढतो आणि आसन बिघडते. येथे हालचाल ओटीपोटाच्या खालच्या हाडांची आहे. म्हणून ‘बैठक वर आणि मागे न्या’ हे शब्द नेमके काम करतात. दुसरी सूचना, टाचा खाली, ही बहुतेक तक्त्यांत फार लवकर येते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असताना टाचा टेकवण्याचा हट्ट केला तर बैठक खाली ओढली जाते, पाठ गोल होते आणि वजन मनगटांवर येते. बाजूने पाहिल्यास हे सहज ओळखता येते, कारण हातापासून बैठकीपर्यंत सरळ रेषा राहत नाही. त्यामुळे मराठी ओळ ‘गुडघे किंचित वाकवून बैठक वर आणि मागे, पाठ लांब झाल्यावर टाचा जमिनीकडे’ अशी असावी. ‘जमिनीकडे’ आणि ‘जमिनीवर’ यांत फरक आहे. नवशिक्याच्या टाचा टेकल्या नाहीत तरी आसन चुकलेले नसते. ‘जमीन दूर ढकला’ हे मराठीत अवघडते. ‘तळवे पूर्ण टेकवून हातांनी जमीन दाबा’ यातून तीच कृती होते, कारण तळव्यांनी दाबले की खांद्यांवरचा भार उतरतो. हातांतील अंतर खांद्यांइतके, हे मूळ सूचनेत नसले तरी लिहावे.

‘एंगेज द कोअर’ ही सूचना जवळजवळ प्रत्येक ओळीत येते. तिला ‘पोट आत घ्या’ असे म्हटले तर लोक श्वास रोखतात. ‘श्वास चालू ठेवून बेंबी पाठीकडे ओढा’ ही ओळ लांब असली तरी तिने ही अडचण येत नाही.

दिशा : उजवे-डावे, आत-बाहेर हे शब्द तक्त्यात सर्वांत जास्त फसवतात. त्रिकोणासनात पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर घेतल्यावर इंग्रजी सूचना सांगते की उजवे पाऊल बाहेर वळवा, डावे थोडे आत. ‘आत’ कोणाच्या आत, हे कागदावर कळत नाही. ‘उजवे पाऊल उजवीकडे ९० अंश, डावे पाऊलही थोडे उजवीकडे’ असे लिहिले की दोन्ही पावले एकाच बाजूला वळतात हे समजते. त्यात आणखी एक भर पडते. चित्रातील व्यक्ती वाचकाकडे तोंड करून असेल, तर तिचा उजवा पाय वाचकाला डावीकडे दिसतो. पानाच्या सोयीसाठी चित्र आरशासारखे उलटवले गेले असेल, तर मजकूर आणि चित्र एकमेकांशी जुळतच नाहीत. छपाईपूर्वी चित्रातील एखादी बिनजोड खूण, जसे एका मनगटावरचे घड्याळ किंवा शर्टाचा खिसा, मूळ प्रतीशी ताडून पाहिली की उलटवलेले चित्र सापडते.

मर्यादा : तक्त्यात फक्त अंतिम स्थिती दिसते. आसनात जाण्याचा आणि त्यातून परत येण्याचा मार्ग दिसत नाही. पश्चिमोत्तानासनाच्या चित्रात कपाळ पायांना टेकलेले दिसते, म्हणून नवशिका मान पुढे ताणतो. वाक मात्र खुब्यातून हवा असतो. अशा ठिकाणी सूचनेत अंतिम टोकाऐवजी सुरुवातीची हालचाल लिहावी : ‘छाती पुढे, मग वाक’. डोके खाली येणारी आसने उच्च रक्तदाब आणि काचबिंदू असणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत, ही टीप पुष्कळ तक्त्यांत अगदी तळाशी बारीक अक्षरात असते. ती त्या त्या आसनाच्या चौकटीतच छापावी, कारण भिंतीवरचा तक्ता वाचणारा एका वेळी एकच चौकट पाहतो.