घड्याळ दुरुस्तीला देताना : जुना पार्ट परत मागा

आजोबांचे एचएमटी घेऊन येणारे गिऱ्हाईक हमखास विचारते, "आतलं मशीन बदलणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. आता अस्सल पार्ट मिळतो तो जुन्या साठ्यातून, नाहीतर दुसऱ्या घड्याळातून काढलेला. त्यामुळे तुमच्या बंद घड्याळातले चांगले बॅलन्स, म्हणजे मागेपुढे फिरणारे चाक, किंवा मूळ डायल यांनाही भाव आहे.

म्हणून घड्याळ आमच्याकडे द्या किंवा दुसरीकडे, मागचे झाकण समोर उघडून घ्या. मशीनचे, डायलचे आणि झाकणावरच्या नंबरचे मोबाईलवर फोटो काढा. घरी नेताना पुन्हा झाकण उघडून फोटोशी ताडून बघा.

आता एक उदाहरण. चावी कितीही फिरवली तरी आवळत नाही; बहुतेक वेळा मेन स्प्रिंग तुटलेली असते. एस्टिमेट असे लिहून मिळावे : सर्व्हिसिंग ५०० रुपये, मेन स्प्रिंग २५०, एकूण ७५०. (आकडे केवळ नमुन्याचे.) पार्ट नवा, जुन्या साठ्यातला की दुसऱ्या घड्याळातला, हेही त्यातच. उघडल्यावर बॅलन्सच्या चाकाचा आस, म्हणजे बॅलन्स स्टाफही गेलेला दिसला, तर ६०० रुपये वाढतील हे आधी फोनवर सांगायचे, तुमचा होकार घ्यायचा, मगच हात लावायचा. 'दुरुस्ती १,३५०' एवढीच ओळ असलेले बिल घेऊ नका.

जुने पार्ट पुडीत घालून मागा. तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे डोळ्यांना दिसतात. न तुटता 'बसलेली' स्प्रिंग बाहेर काढली तरी लहान वेटोळ्यातच राहते, चांगली ताडकन उलगडते. पुडीतली स्प्रिंग चांगली उलगडत असेल तर ती का बदलली, हे विचारा. बॅलन्स स्टाफ भिंगाखाली बघा : दोन्ही टोके केसाएवढी बारीक हवीत, मोडलेले टोक बोथट दिसते. स्टाफ काढताना कधी कापावा लागतो, म्हणून तो तुकड्यांत मिळाला तर लगेच संशय घेऊ नका. मात्र स्टाफ बहुधा घड्याळ पडल्याने मोडतो. तुमचे पडलेच नसेल तर नीट विचारा. बिलात अख्खे बॅलन्स लावले असेल तर जुने चाकही परत यायला हवे.

सेलच्या घड्याळात 'कॉइल गेली' म्हटले, तर मीटर लावून दाखवायला सांगा. कंपनीच्या वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र बऱ्याचदा कंपनीच ठेवून घेते, ते आधी विचारून घ्या.

बिल न देणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथेत मोडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. चंदगडहून बेळगावला येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. म्हणजे दुकान बेळगावात असले तरी तुम्ही कोल्हापूरला दाद मागू शकता, आमच्याविरुद्धसुद्धा.