दहावीच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग चुकलंय? आधी बघा दुरुस्ती हवीय की नावबदल

दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव चुकलं की लोक लगेच सांगतात, गॅझेट करून टाक. पण गॅझेट म्हणजे राजपत्रात नावबदल जाहीर करणं, आणि तुम्हाला हवी असते मंडळाकडून दुरुस्ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीचं पत्र म्हणतं की माझं नाव आधीपासून हेच आहे, छापताना चुकलं. गॅझेट म्हणतं की आधी ते नाव होतं, आता हे आहे. म्हणजे गॅझेट केलंत की चुकीचं स्पेलिंग हेच तुमचं जुनं नाव होतं असं तुम्ही स्वतःच लिहून देता, आणि नुसत्या गॅझेटने सर्टिफिकेटवरचं काही बदलत नाही, ते जन्मभर सोबत जोडत बसायचं.

मग आपलं प्रकरण कुठलं ते कसं ओळखायचं? शाळेत जाऊन जनरल रजिस्टरची नोंद बघा. समजा सर्टिफिकेटवर SHUBANGI आलंय आणि रजिस्टरला शुभांगी आहे, तर भ मधला H गळलाय हे सरळ दिसतं. पण CHOUDHARY चं CHAUDHARI करायचं असेल तर मराठी नोंद कामाची नाही, कारण मराठीत दोन्ही चौधरीच, तिथे परीक्षेआधीचा इंग्रजी स्पेलिंग असलेला कागद लागतो, जसं की जन्मदाखला किंवा परीक्षेच्या फॉर्मची प्रत. नंतर काढलेलं आधार दाखवून फारसं काही सिद्ध होत नाही.

पत्र विभागीय मंडळाच्या सचिवांच्या नावाने लिहायचं पण पाठवायचं शाळेमार्फत, मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लावून. त्यात घरची कहाणी नको. बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष, आणि मग एवढंच:

"प्रमाणपत्रावर माझे नाव SHUBANGI असे छापले आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शुभांगी' अशी नोंद आहे. तरी SHUBHANGI अशी दुरुस्ती करून मिळावी. रजिस्टरचा साक्षांकित उतारा व शाळा सोडल्याचा दाखला सोबत जोडला आहे."

वर नमुन्यात फक्त चुकलेला शब्द आहे, पण तुमच्या पत्रात पूर्ण नाव सर्टिफिकेटवर आहे त्याच क्रमाने एकदा लिहा, आईच्या नावातही चूक असेल तर तीही याच पत्रात घ्या.

आता रजिस्टरलाच चूक असेल तर मंडळाला पत्र पाठवून उपयोग नाही, कारण त्यांनी शाळेकडून आलेलंच छापलं. आधी शाळेची नोंद दुरुस्त व्हायला हवी, आणि ती मुख्याध्यापक आपल्या मनाने करू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

गॅझेट कधी मग? स्वतःहून नवीन नाव घेतलं असेल, आडनाव बदललं असेल तेव्हा. लग्नानंतर आडनाव बदललं तर दहावीचं सर्टिफिकेट जुन्याच नावाचं राहतं आणि ते बरोबरच आहे, त्यासाठी मंडळाला दुरुस्तीचं पत्र लिहू नका.