फोटो फिका पडतो तेव्हा हिस्टोग्राम काय सांगतो

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सिंहगडावरून तोरण्याच्या दिशेला काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. डोळ्यांना तेव्हा डोंगरांच्या रांगा एकामागे एक स्पष्ट दिसत होत्या. घरी येऊन संगणकावर पाहिलं तर सगळं राखाडी, निळसर, ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. असा फोटो हाती आला की बहुतेक जण आधी ब्राइटनेस वाढवतात. त्याने फोटो उजळतो खरा, पण आधीपेक्षाही फिका वाटतो. असं का होतं, ते हिस्टोग्राम उघडल्यावर दिसतं.

हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या पिक्सेलांची शिरगणती. आडव्या अक्षावर डावीकडे ० म्हणजे पूर्ण काळं आणि उजवीकडे २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. मधल्या प्रत्येक उजळपणाचे किती पिक्सेल आहेत, तेवढ्या उंचीचा स्तंभ. फोटोत कोणती गोष्ट कुठे आहे हे तो अजिबात सांगत नाही, आणि याच गोष्टीने मला आधी फसवलं.

माझ्या फोटोचा आलेख पाहिला तर तो डाव्या टोकापासून उजवीकडे बराच लांब पसरलेला होता. डावीकडे ३०च्या आसपास एक लहानसा उंचवटा, मध्ये मोठा फुगवटा, उजवीकडे २३५पर्यंत आकाश. वरवर पाहता यात कमी काहीच नव्हतं. मग फोटो फिका का? डावीकडचा तो लहान उंचवटा तटाजवळच्या एका झुडपाच्या सावलीचा होता. झुडूप माझ्यापासून दोन-तीन मीटरवर, म्हणून त्याची सावली खरोखर काळी. डोंगरांची गोष्ट वेगळी होती.

मी गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फक्त दूरच्या डोंगरांभोवती सिलेक्शन केलं आणि `Windows` → `Dockable Dialogs` → `Histogram` उघडलं. सिलेक्शन असेल तेव्हा ही खिडकी तेवढ्याच भागाचा आलेख दाखवते. आता खरं चित्र समोर आलं: डोंगरांचा सगळ्यात गडद पिक्सेल ११८ आणि सगळ्यात उजळ १८२. म्हणजे दऱ्या, कडे, झाडी, ऊन, सावली हे सगळं जेमतेम ६५ पायऱ्यांत कोंबलेलं. दरीतली सावलीसुद्धा ११८च्या खाली उतरत नव्हती.

ती सावली एवढी उजळ का, याचं उत्तर हवेत आहे. मधल्या काही किलोमीटरच्या हवेतले धूळ, धूर आणि बाष्पाचे कण दोन गोष्टी करतात. डोंगराकडून येणारा प्रकाश ते वाटेत कमी करतात आणि सूर्याचा प्रकाश विखरून आपल्या डोळ्यांकडे, कॅमेऱ्याकडे पाठवतात. हा दुसरा प्रकाश डोंगराचा नसतोच, तरी तो डोंगराच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये मिसळतो. काळ्या सावलीवरही तो पडदा चढतो, म्हणून आलेखाचा डावा काठ उचलला जातो. पहिल्या गोष्टीमुळे ऊन आणि सावली यांतला फरक आकसतो. जितकं अंतर जास्त, तितकं दोन्ही जास्त. लेन्सवर बोटाचा ठसा असेल किंवा समोरून ऊन लेन्समध्ये शिरत असेल तरी डावा काठ असाच उचलला जातो, पण तेव्हा जवळचं झुडूपही फिकं पडतं. माझं झुडूप काळंच होतं, म्हणजे लेन्स स्वच्छ होती आणि दोष अंतराचा होता.

जादा प्रकाश शिरून बिघडलेला फोटो मात्र ओळखायला सोपा. त्याचा आलेख उजव्या भिंतीला चिकटून एकदम उंच होतो. २५५वर पोचलेल्या पिक्सेलांत आता एकमेकांत फरकच उरलेला नसतो, आणि नसलेला फरक कोणत्याही साधनाने परत येत नाही. माझ्या डोंगरांचा आलेख कुठल्याच भिंतीला टेकत नव्हता. फरक शिल्लक होता, फक्त दाटीवाटीत होता.

आता टोन कर्व्ह. `Colors` → `Curves` उघडलं की तिरपी सरळ रेघ दिसते. खालच्या अक्षावर पिक्सेलचा आताचा उजळपणा, उभ्या अक्षावर नंतरचा. रेघ तिरपी सरळ असते तोवर १३०चा पिक्सेल १३०च राहतो. या आलेखात बघायचा तो रेघेचा चढ. घाटरस्त्यात थोडं पुढे गेलं की खूप वर चढतो, तसं रेघ जिथे उभट असते तिथे जवळजवळचे दोन उजळपणे एकमेकांपासून लांब जातात. आपण ज्याला उठाव म्हणतो तो हाच. सगळी रेघ नुसती वर उचलली तर चढ तेवढाच राहतो. म्हणूनच ब्राइटनेस वाढवून मरगळ जात नाही.

डोंगरांचं सिलेक्शन तसंच ठेवून मी रेघेवर दोन बिंदू दिले: ११८ खाली ओढून ७०वर, १८२ वर नेऊन २००वर. ६४ पायऱ्यांचं अंतर १३० झालं, म्हणजे चढ साधारण दुप्पट. एका धारेची सावली १३० होती आणि तिच्या शेजारचा उन्हातला कडा १४५. ते अनुक्रमे ९४ आणि १२५च्या आसपास गेले. पंधराचा फरक तीस झाला आणि कड्याची धार दिसू लागली.

११८ थेट शून्यावर नेता आलं असतं, पण ते मला चुकीचं वाटतं. दूरचा डोंगर जवळच्या झुडपाइतका काळा झाला की अंतरच नाहीसं होतं, आणि रांगा कागदाच्या कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. शिवाय चढ तिप्पट झाला की सेन्सरचे दाणेही तिप्पट उठून दिसतात. आणि हाच बदल सिलेक्शन न करता पूर्ण फोटोला केला असता, तर झुडपाची सगळी सावली एका काळ्या डागात बुडाली असती. सिलेक्शनची कड `Select` → `Feather` करून मऊ करावी लागते, नाहीतर डोंगर आणि आकाश यांच्यामध्ये रेघ उमटते. फार मऊ केलं तर उजळ किंवा गडद पट्टा दिसतो, त्यामुळे तिथे दोन-तीनदा प्रयत्न करावेच लागले.

निळसरपणा अजून बाकी होता. हवेतले फार बारीक कण निळा प्रकाश जास्त विखरतात. त्याची खूणही आलेखात सापडते: मूळ फोटोत डोंगरांच्या सावलीचा डावा काठ लाल चॅनेलमध्ये १०५वर होता, हिरव्यात ११८वर आणि निळ्यात १४२वर. `Curves`मध्ये वर चॅनेल निवडता येतो. तिथे `Blue` घेऊन निळ्याचा खालचा भाग थोडा जास्त खाली ओढला, की सावल्यांचा निळा मुलामा उतरतो. पूर्ण उतरवला नाही. सकाळच्या सह्याद्रीत तेवढा निळा असतोच.

हे सगळं झाल्यावर हिस्टोग्राम पुन्हा उघडून बघावा. माझा आता कंगव्यासारखा दिसत होता, एक दात आणि एक फट. ६५ पायऱ्या १३१ जागांवर पसरल्या, तर निम्म्या जागा रिकाम्या राहणारच. खडबडीत डोंगरावर या फटी डोळ्यांना कळत नाहीत. गुळगुळीत आकाशावर मात्र एवढाच ताण दिला तर रंगाचे पट्टे दिसू लागतात. जेपीजीत प्रत्येक चॅनेलला २५६च पायऱ्या असतात; सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून धुरकट दिवशी मी आता कॅमेरा रॉवर ठेवतो, आणि आकाशाला कर्व्हचा हात लावत नाही.