सोनं महाग आहे, पण मोबाइलमुळे नाही

‘सोनं इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागतं, म्हणून त्याला किंमत आहे.’ हे वाक्य ऐकलं की मला चीड येते, कारण त्यात गाडी घोड्याच्या पुढे जुंपलेली असते. ‘सोनं विजेचं सर्वोत्तम वाहक’ हेही असंच. तांबं आणि चांदी दोन्ही त्याच्यापेक्षा सरस आहेत. सोनं वापरतात ते गंजत नाही म्हणून.

न गंजणं, दुर्मीळ असणं, वितळवून हवे तेवढे तुकडे करता येणं आणि वजनामुळे सहज नक्कल न होणं, या गुणांनी ते पैसा झालं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

गोंधळ होतो तो पुढे. उद्योगासाठी सोनं हा खर्च आहे, साठवणाऱ्यासाठी तीच ठेव. त्यामुळे भाव वाढला की दोघं उलट दिशांना पळतात. चिपच्या आत केसाहूनही बारीक तार असते, ती चिपला बाहेरच्या पायांशी जोडते. वर्षानुवर्षं ही तार प्रामुख्याने सोन्याची असे. तांब्याची तार स्वस्त, पण टोक वितळवून गोळी करताना ती हवेत काळी पडते, म्हणून तिथे नायट्रोजन-हायड्रोजनचा झोत सोडावा लागतो. शिवाय ती कडक असल्याने दाबताना खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला तडा जाऊ शकतो. एवढा खटाटोप कोण करणार? पण २००८मध्ये सोनं औंसाला हजार डॉलरवर गेलं, २०११मध्ये एकोणीसशेच्या आसपास पोचलं, आणि कारखान्यांनी तो खटाटोप केला. बऱ्याच चिपमध्ये तांबं आलं.

नेमक्या त्याच काळात, २०१०पासून, जगभरच्या मध्यवर्ती बँका एकत्रितपणे सोन्याच्या विक्रेत्या न राहता खरेदीदार झाल्या. भाव तोच, पण एक गिऱ्हाईक पळालं आणि दुसरं आलं. उद्योगच भाव ठरवत असता, तर ते पळाल्यावर भाव कोसळायला हवा होता.

तो का कोसळत नाही, हे साठ्याकडे पाहिलं की कळतं. आजवर खणलेलं सोनं २ लाख टनांहून जास्त आहे आणि त्यातलं बहुतेक अजून दागिन्यांत, विटांत, तिजोऱ्यांत पडून आहे. उद्योगांना वर्षाला लागतं जेमतेम ३०० टनांच्या आसपास. भाव ठरतो तो त्या ढिगाऱ्याचे मालक तो धरून ठेवतात की विकायला काढतात यावर. आणि ते धरून ठेवतात, कारण उद्या दुसरा कुणी ते घेईल याची त्यांना खात्री असते. हे गोलगोल वाटतं, पण नोटेचंही तसंच आहे. फरक एवढाच की नोट हवी तितकी छापता येते. खाणीतून मात्र वर्षाला या साठ्याच्या दोन टक्क्यांहून कमीच भर पडते.

‘मग सोनं आजही पैसाच की!’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. १५ ऑगस्ट १९७१ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात ३५ डॉलर औंस दराने परदेशी सरकारांना सोनं देणं थांबवलं. तेव्हापासून सोन्यात सहसा कुणी हिशेब मांडत नाही. देवाणघेवाण, हिशेब आणि साठवणूक या पैशाच्या तीन कामांपैकी त्याच्याकडे साठवणुकीचं एकच उरलंय.